इटालियनमधले 'ची' आणि 'ने' नक्की कधी वापरायचे आणि वाक्यात कुठे ठेवायचे?

प्रश्न: "इटालियन शिकतेय. 'ची' आणि 'ने' वाचताना कळतात पण बोलताना मी ते विसरतेच, आणि आठवले तर कुठे घालायचे ते कळत नाही. कोणी सोप्या मराठीत सांगेल का?"

विसरतेस कारण मराठीत आपण ते बोलतच नाही. 'जिमला जातेस का?' 'हो, जाते ना.' 'किती सफरचंदं देऊ?' 'तीन द्या.' झालं काम. इटालियनमध्ये त्या 'जाते'आधी एक बारीकसं 'तिथे' आणि 'तीन'साठी एक बारीकसं 'त्यातली' लागतं. पहिलं म्हणजे ची, दुसरं म्हणजे ने. (आपल्या 'ची' आणि 'ने' प्रत्ययांशी काही संबंध नाही हं, मलाही आधी वाटायचं.)

मी बोलोन्यात राहायला आले तेव्हा गल्लीतला फळवाला विचारायचा, 'क्वान्ते मेले वुओले?' मेले म्हणजे सफरचंदं, मराठी कानाला जरा भयानकच. मी आपली 'वोल्यो त्रे', म्हणजे 'मला हवी तीन'. तो पिशवी भरता भरता हसून म्हणायचा, 'आ, ने वुओले त्रे.' आठवडाभर मला वाटलं तो नुसतं माझं वाक्य परत म्हणतोय, मग ट्यूब पेटली की तो दुरुस्त करतोय. आकडा किंवा माप (त्रे, उन कीलो, मोल्ते, नेस्सूना) आहे पण वस्तूचं नाव नाहीये, की ने लागतो. फक्त 'सगळी' म्हणायचं असेल तर ने नाही, तिथे 'ती'च येतं: ले प्रेन्दो तुत्ते. यात मी अजूनही अधूनमधून चुकते.

ची सोपा आहे. जागेचं नाव आधी येऊन गेलंय आणि आता तिथे जाणं, राहणं, परतणं असं काही बोलायचंय, की ची. 'वाई आ रोमा?' 'सी, ची वादो दोमानी.' उलट 'तिथून' बाहेर पडणं असेल तर पुस्तकात ने असतो, ने एस्को म्हणजे तिथून निघते, पण रोजच्या बोलण्यात लोक नुसतं एस्को म्हणतात, ते सध्या सोडून दे.

आता जागा. कर्त्याप्रमाणे बदललेलं क्रियापद (वादो, वोल्यो, ओ) असेल तर दोघं त्याच्या अगदी आधी, मध्ये दुसरं काही घुसत नाही. मराठीत 'तिथे जाते' म्हणतो तसंच, ची वादो. 'नाही' आलं तरी ते सगळ्यात पुढे: नोन ची वादो. मूळ रूप असेल तर शेवटी चिकटतात, आंदारे मधला शेवटचा ए जातो आणि होतं आंदार्ची. वोल्यो सोबत असेल तर दोन्ही चालतात, वोल्यो आंदार्ची किंवा ची वोल्यो आंदारे, पण दोघांच्या मध्ये, म्हणजे 'वोल्यो ची आंदारे', कधीच नाही. माझी सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच होती.

आज्ञा करताना मात्र समोर कोण आहे ते बघावं लागतं. मैत्रिणीला 'मला त्यातली तीन दे' म्हणजे दाम्मेने त्रे, सगळं शेपटीला. फळवाल्याला, अहोजाहो करून, मे ने दीया त्रे, सगळं पुढे. ने जवळ आला की इटालियन 'मी'चं, म्हणजे 'मला'चं, मे होतं, आणि ची चं चे होतं. म्हणून 'अजून सफरचंदं आहेत का?' याचं उत्तर 'सी, चे ने सोनो आंकोरा त्रे', हो, अजून तीन आहेत.

भूतकाळात मराठी माणसाची चांदी आहे. 'तीन खाल्ली', 'एक केळं खाल्लं' असं आपण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतो, इटालियन लोक ने सोबत तेच करतात: ने ओ मांजाते त्रे, आणि एकच सफरचंद असेल तर ने ओ मांजाता ऊना. मेला स्त्रीलिंगी म्हणून आ/ए. पुस्तक पुल्लिंगी, म्हणून दोन वाचली तर ने ओ लेत्ती दुए. ची मात्र काही बदलत नाही, तिथे जाणाऱ्याचं लिंग येतं, तू म्हणशील ची सोनो आंदाता आणि तुझा भाऊ म्हणेल ची सोनो आंदातो, अगदी आपल्या गेले-गेलो सारखं.

सवयीसाठी मी एक केलं होतं: बाजारात जाताना मनातल्या मनात आधी मराठीत 'त्यातली तीन', 'त्यातलं अर्धा किलो' असं मुद्दाम पूर्ण म्हणायचे, मग इटालियन. दोनेक महिन्यांनी फळवाल्याने दुरुस्त करणं बंद केलं, आणि एकदा संत्री मागितली तर म्हणाला, 'नोन चे ने सोनो प्यू', संपली, आणि मला ते एका दमात कळलं.