निवृत्ती 60 व्या वर्षी, पण पेन्शनची मुदत 58 व्या वर्षीच संपते

प्रश्न : माझी जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 15 जून 1971 आहे, आधारवर मात्र 1 जानेवारी 1972 लागली आहे. सध्याच्या कारखान्यात मी 1 मार्च 2020 पासून आहे. रुजू झालो तेव्हा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 14,200 रुपये होते. आमच्याकडे 60 व्या वर्षी, म्हणजे जून 2031 मध्ये निवृत्ती आहे. त्याआधी ऑगस्ट 2009 ते सप्टेंबर 2013 अशी चार वर्षे एका कंपनीत होतो. ती बंद पडली आणि 2014 मध्ये तिथला पीएफ मी काढून घेतला. मधली वर्षे ठेकेदाराकडे काम केले, तिथे पीएफ नव्हता. आता निवृत्तीला पाच वर्षे राहिली आहेत. पेन्शन, पीएफ, ग्रॅच्युइटी यांची तयारी कोणत्या तारखांना काय करून करावी?

उत्तर : अशा आशयाची पत्रे माझ्याकडे सतत येतात आणि त्यांतील बहुतेकांत एकच गैरसमज असतो. नोकरीतून निवृत्त होण्याचा दिवस आणि पेन्शन योजनेतले सदस्यत्व संपण्याचा दिवस एकच आहे, असे धरून सगळा हिशेब मांडलेला असतो. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 च्या परिच्छेद 6-अ नुसार वयाची 58 वर्षे पूर्ण होताच सदस्यत्व संपते. मग कंपनी तुम्हाला 60 पर्यंत ठेवो की 65 पर्यंत, त्याने यात फरक पडत नाही. त्यामुळे पेन्शनपुरती तुमच्या हातात पाच वर्षे नाहीत. 15 जून 2029 पर्यंतची तीनच आहेत.

त्या तारखेला सध्याच्या नोकरीतील तुमची सेवा 9 वर्षे साडेतीन महिने होईल. मासिक पेन्शनसाठी 10 वर्षांची पात्र सेवा लागते आणि ती मोजताना सहा महिने किंवा त्याहून अधिक असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, त्याहून कमी असलेला सोडून दिला जातो. याचा अर्थ साडेनऊ वर्षे भरली असती तर तुम्ही पात्र ठरला असता. तुम्हाला जेमतेम अडीच महिने कमी पडत आहेत. 2020 मधील टाळेबंदीच्या महिन्यांत तुमचे काही दिवस विनावेतन दाखवले गेले असतील तर तूट आणखी वाढेल. सदस्य पोर्टलवरील Service History या पानावर प्रत्येक नोकरीपुढे NCP Days म्हणजे विनावेतन दिवसांचा आकडा असतो. तो आजच पाहून ठेवा.

म्हणून तुमच्या प्रकरणात सगळे एकाच गोष्टीवर ठरते. 2014 मध्ये तुम्ही नेमके काय काढले? त्या काळी दोन वेगवेगळे कागदी अर्ज असत. पीएफच्या रकमेसाठी फॉर्म 19 आणि पेन्शनच्या हिश्शासाठी फॉर्म 10-सी. आता दोन्ही एकाच अर्जात येतात, तेव्हा तसे नव्हते. तुम्ही फक्त फॉर्म 19 भरला असेल, तर 2009 ते 2013 ची चार वर्षे आजही तुमच्या नावावर शिल्लक आहेत आणि ती जोडली की एकूण सेवा 13 वर्षांच्या वर जाते. फॉर्म 10-सी भरून पेन्शनचे पैसेही उचलले असतील, तर ती सेवा पुसली गेली आहे आणि ते पैसे परत भरून ती जिवंत करण्याची तरतूद योजनेत नाही. तुम्ही पत्रात 'पीएफ काढून घेतला' एवढेच लिहिले आहे. ज्या कागदावर आपली पेन्शन अवलंबून आहे, तो कोणता होता हे बारा वर्षांत एकदाही पाहू नये, हे मला फार लागते, कारण सही करताना एक झेरॉक्स ठेवली असती तरी आज हा प्रश्न उरला नसता.

असो, शोध असा घ्या. 2014 चे बँकेचे पासबुक काढा आणि पीएफ कार्यालयाकडून आलेल्या जमा नोंदी बघा. दोन्ही अर्ज भरले असतील तर साधारणपणे दोन वेगळ्या नोंदी दिसतात. पेन्शनसाठी वेतनाची मर्यादा ऑगस्ट 2014 पर्यंत दरमहा 6,500 रुपये होती, त्यामुळे चार वर्षांच्या सेवेची 10-सी ची रक्कम पंचवीस-सव्वीस हजारांच्या आसपास येते. अशी स्वतंत्र नोंद सापडली तर उत्तर मिळाले. एकच नोंद असेल तर आशेला जागा आहे, मात्र तेवढ्यावर विसंबू नका. जुन्या वेतनचिठ्ठीवरील पीएफ क्रमांक देऊन संबंधित प्रादेशिक पीएफ कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात एवढेच विचारा की या क्रमांकावर फॉर्म 10-सी चा दावा निकाली निघाला आहे काय, निघाला असल्यास कोणत्या तारखेला आणि किती रकमेचा. शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची. हा अर्ज याच महिन्यात गेला पाहिजे, पुढची प्रत्येक तारीख त्याच्या उत्तरावर उभी आहे.

10-सी भरलेला नसल्याचे लेखी उत्तर आले, तर त्याच जुन्या क्रमांकावर आता फॉर्म 10-सी भरा, परंतु पैशांसाठी नव्हे, जुनी सेवा पुढे जोडून देणाऱ्या योजना प्रमाणपत्रासाठी. अर्जात हे दोन पर्याय शेजारीशेजारी असतात आणि चुकीच्या चौकोनात खूण केली तर राहिलेली सेवाही जाईल. जुनी कंपनी बंद असल्याने मालकाची सही मिळणार नाही. अशा वेळी बँक व्यवस्थापक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन बहुधा चालते, तरी नेमके कोणाचे चालेल ते त्या कार्यालयाकडून लेखी घ्या. हे प्रमाणपत्र 2027 संपण्याच्या आत हातात यावे आणि सध्याच्या कंपनीमार्फत चालू खात्याशी जोडले जावे, असे मी सुचवीन. 2029 च्या उन्हाळ्यात धावाधाव करणाऱ्यांना जुने रेकॉर्ड मिळवण्यातच वर्ष लागलेले मी पाहिले आहे.

आता आधारवरच्या तारखेबद्दल. तुमच्या लक्षात आले असेल किंवा कोणीतरी लक्षात आणून देईल, की 1 जानेवारी 1972 ही तारीख धरली तर 58 वर्षे जानेवारी 2030 मध्ये पूर्ण होतात, सेवा 9 वर्षे 10 महिने होते आणि जुन्या कंपनीची भानगड न सोडवताही पेन्शन मिळते. हा मार्ग धरू नका. आधार हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून पीएफ संघटनेने जानेवारी 2024 मध्येच यादीतून काढला आहे आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. कंपनीच्या नोंदीत दाखल्याची तारीख आणि पीएफच्या नोंदीत आधारची तारीख राहिली, तर पेन्शनचा अर्ज नेमका तपासणीच्या टेबलावर अडकेल आणि वर खोटी माहिती दिल्याचा ठपका येईल. आधारवरची तारीख दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. ही दुरुस्ती सर्वसाधारणपणे एकदाच करता येते, म्हणून मूळ दाखला सोबत घेऊन जा आणि पावतीवर छापलेला आकडा केंद्रातून निघण्यापूर्वी वाचा. नंतर पीएफच्या नोंदीत फरक असेल तर मालकासह संयुक्त घोषणापत्र द्या. हे सगळे डिसेंबर 2026 पर्यंत संपवावे.

जुनी सेवा जोडली गेली, तर पेन्शन किती? सूत्र पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवा भागिले 70 असे आहे. पेन्शनयोग्य वेतन म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी आणि त्याला 15,000 रुपयांची मर्यादा आहे. जुन्या चार वर्षांना 6,500 ची मर्यादा लागेल. त्यामुळे अंदाजे 2,300 रुपये दरमहा, आणि तुमच्या पश्चात पत्नीला निम्मे, पण किमान 1,000 रुपये. रक्कम लहान आहे, हे मान्य. पण पेन्शन न बसल्यास मिळणारी एकरकमी परतफेड मर्यादित वेतनाच्या साधारण नऊपट, म्हणजे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास असते, आणि ही रक्कम दरमहा 2,300 ने पाच-सव्वापाच वर्षांत संपते.

15 जून 2029 रोजी तुम्ही नोकरीत असलात तरी फॉर्म 10-डी भरून पेन्शन सुरू करता येते. 60 पर्यंत थांबल्यास दर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते, म्हणजे दोन वर्षांनी सुमारे 184 रुपये अधिक, पण त्यासाठी 24 महिन्यांचे जवळजवळ 55,000 रुपये सोडावे लागतात. ते भरून निघायला पंचवीस वर्षे लागतील. तुमच्या जागी मी थांबणार नाही. अर्ज मार्च 2029 मध्येच तयार ठेवा : पत्नीसोबतचा फोटो, मुलांचे जन्मदाखले, ज्या खात्यात पेन्शन हवी त्याचा रद्द केलेला धनादेश, आणि ई-नामांकन तर आजच भरा.

त्याच महिन्यात कंपनीच्या वेतन विभागाला लेखी कळवा की 58 नंतर मालकाच्या वाट्यातून पेन्शन फंडात काहीही जमा करू नये, तो संपूर्ण 12 टक्के पीएफमध्ये जावा. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत कंपनीने हे न केल्यामुळे अठरा महिने चुकीचा भरणा होत राहिला आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्याचा पीएफचा अंतिम दावा परत-परत फेटाळला गेला. जुलै 2029 ची पासबुक नोंद उघडून पेन्शनच्या रकान्यात शून्य आहे ना, एवढे पाहा.

पूर्ण कागदपत्रांसह दिलेला पेन्शन दावा 20 दिवसांत निकाली काढणे योजनेनुसार बंधनकारक आहे आणि पुरेशा कारणाशिवाय उशीर झाल्यास 12 टक्के व्याजाची तरतूद आहे. ते न झाल्यास आधी पीएफ संघटनेच्या EPFiGMS या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. पीएफ सदस्य हा ग्राहक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली मान्य केले आहे, त्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. परंतु तिथे तारखांवर तारखा पडून वर्षे जातात आणि 60 ओलांडलेल्या माणसाला त्या तारखा परवडत नाहीत. ठेकेदाराच्या काळातील न कापलेल्या पीएफचा दावा तुम्ही विचारलेला नाही, आणि तो आता उकरून काढण्याचा सल्ला मी देणार नाही. त्यात पुरावा कमकुवत असतो, आणि तुम्हाला लागणारे अडीच महिने जुन्या कंपनीच्या खात्यात अधिक सोपे सापडण्याची शक्यता आहे.

ग्रॅच्युइटीबाबत फार चिंता नको. जून 2031 मध्ये 11 पूर्ण वर्षे धरली जातील. अखेरचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये असेल, तर 15 दिवसांचे वेतन 15,000 रुपये होते आणि एकूण 1,65,000 रुपये. ती 30 दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे. वेतनाची व्याख्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेमुळे बदलली आहे, तेव्हा त्या वर्षीचा आकडा कंपनीकडून लेखी मागा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ही रक्कम आणि पीएफचा काही भाग ठेवण्याचा विचार 60 पूर्ण झाल्यावर करता येईल.

माहिती अधिकाराचे उत्तर हातात आले की त्याची प्रत मला पाठवा. 10-सी निकाली निघाल्याचे त्यात लिहिले असेल, तर 58 नंतर वर्गणी चालू ठेवून दहा वर्षे भरता येतात असे सांगणाऱ्यांवर विसंबून एकही दिवस घालवू नका. परिच्छेद 6-अ त्याला मुळीच साथ देत नाही, आणि मग आपल्याला 2029 मधल्या परतफेडीचाच हिशेब बसून करावा लागेल.