पन्नाशीनंतर पंजाबी ड्रेस घातला तर लोक नावं का ठेवतात?

कारण लोक वय मोजत नाहीत, नातं मोजतात. माझी मावशी चोपड्याची, वय ५२. गुडघ्यांमुळे एस.टी.च्या पायऱ्या साडीत चढवत नाहीत, म्हणून तिने सुती ड्रेस शिवले. मुलाचं लग्न व्हायचं होतं तोवर कुणी काही बोललं नाही. सून आली आणि त्याच ड्रेसवर गल्लीतून आवाज आला, "माय वं, आता सासू झाली ना ही!" सासूने सुनेपेक्षा जुनं दिसावं, एवढाच तो नियम. सून ड्रेस घालते, मग दोघींतला फरक दिसणार कसा?

गंमत म्हणजे तिरुपतीच्या ट्रिपला हाच ड्रेस चालतो. परतताना मावशी धुळ्याच्या स्टँडवर साडी नेसायची, कारण चोपड्यात ओळखीचे डोळे असतात.

उलटंही होतं. माझ्या पंचविशीतल्या बहिणीने फिकट, बिनकाठाची साडी नेसली तर आजी लगेच म्हणते, "असं पांढरं-फटक नको." तिला त्यात विधवेचा वेष दिसतो. पुरुषांना मात्र मोकळीक जास्त. पोरगा तिशीत पांढरे कडक कपडे घालू लागला, तर फार तर "पुढारी झाला" म्हणून हसतात.

मावशी आता घरीही ड्रेसच घालते. पाहुणे आले की ओढणी डोक्यावर.