मेसच्या मेन्यूचा तक्ता करताना रिकामा चौकोन ठेवू नका

प्रश्न: हॉस्टेलच्या मेसचा आठवड्याचा मेन्यू व्हॉट्सअॅपवर ओळींत टाईप करून आलाय. वाराचं नाव, खाली नाश्ता, दुपार, संध्याकाळ, रात्र. याचा वार आणि जेवण असा तक्ता पटकन कसा करायचा?

सगळ्या ओळी गूगल शीट्समध्ये A स्तंभात चिकटवा आणि C1 मध्ये हे टाका:

```
=WRAPROWS(FILTER(A1:A60,A1:A60<>""),5)
```

FILTER हे मधल्या मोकळ्या ओळी काढून टाकतं आणि WRAPROWS उरलेल्या ओळी पाच-पाचच्या गटाने आडव्या मांडतं. पाच म्हणजे वार आणि चार जेवणं. सात वार एकाखाली एक, जेवणं आडवी. झाला तक्ता.

आता खरं दुखणं. हे सगळं चालतं ते प्रत्येक वाराच्या बरोब्बर पाच ओळी असल्या तरच, आणि मेन्यू टाईप करणारा माणूस कधीच पाच ओळी लिहीत नाही. बुधवारी संध्याकाळी नुसता चहा असतो, तो सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून ती ओळ गाळतो. मग तुमच्या तक्त्यात असं दिसेल:

```
बुधवार | नाश्ता: उपीट | दुपार: चपाती, दुधी | रात्र: मसालेभात | गुरुवार
नाश्ता: इडली सांबार | दुपार: ...
```

पहिल्या स्तंभात वाराऐवजी इडली दिसली की समजायचं, गडबड त्याच्या वरच्या रांगेत आहे. एकूण ओळी पस्तीस भरल्या म्हणून निर्धास्त राहू नका. बुधवारी एक ओळ कमी आणि शनिवारी दुपारचं जेवण दोन ओळींत लिहिलेलं असलं, तर बेरीज जुळते आणि मधले दिवस घसरलेलेच राहतात. म्हणून ‘नाश्ता:’, ‘रात्र:’ ही लेबलं आधी अजिबात काढू नका. तक्ता झाल्यावर प्रत्येक स्तंभ वरून खाली वाचा. एकाच स्तंभात सगळीकडे एकच लेबल असलं की तक्ता बरोबर. मग तो Ctrl+Shift+V ने दुसरीकडे नुसता मजकूर म्हणून चिकटवा, डोक्यावर जेवणांची नावं लिहा आणि चौकोनांतली लेबलं शोधून उडवा.

गाळलेली ओळ भरताना ती कोरी सोडू नका, FILTER ती खाऊन टाकेल. ‘संध्याकाळ: फक्त चहा’ असं लिहा. रविवारी रात्री मेस बंद असेल तर ‘रात्र: बंद’ असं लिहा. हे मी एवढं ठासून का सांगतोय ते ऐका.

मी सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर होतो, मेस कमिटीत. तेव्हा हे सूत्र नव्हतं. मेन्यू आमच्यातल्या एकाने ओळींत टाईप करून दिला आणि ऑफिसमधल्या क्लार्कनी एकेक ओळ उचलून तक्त्यात चिकटवली. बुधवारची संध्याकाळची ओळ नव्हतीच, त्यामुळे मसालेभात संध्याकाळच्या चौकोनात गेला आणि रात्रीचा चौकोन रिकामा राहिला. खाली ‘चपाती, वरण, भात रोज’ अशी टीप होती. रेक्टर सरांनी सही केली, तक्ता नोटीस बोर्डावर लागला.

बुधवारी रात्री ताटात काय? चपाती, वरण, भात. भाजी नाही, मसालेभात नाही. मेसवाल्या मामांना विचारलं तर त्यांनी बोर्डाकडे बोट केलं, “रात्रीला काय लिहिलंय दाखवा की!” संध्याकाळी पाच वाजता मसालेभात का नाही दिला, असंही आम्ही विचारलं. त्यावर, “चहाच्या टायमाला भात कोण खातंय?” आम्ही टाईप केलेला कागद घेऊन रेक्टर सरांकडे गेलो. ते म्हणाले, “तो कच्चा कागद. सही कशावर आहे? तक्त्यावर.” पुढचा मेन्यू होईपर्यंत आम्ही बुधवारी रात्री वरणभात खाल्ला.

मेसच्या तक्त्यात रिकामा चौकोन म्हणजे ठेकेदाराला दिलेली सूट आहे. रेक्टर सरांचं म्हणणं होतं की प्रत्येक चौकोनात काहीतरी कोंबलं की तक्ता गिचमिड दिसतो. दिसू दे. चौकोन एकत्र जोडून ‘छान’ करायचा मोह तर आवराच, कारण जोडलेल्या चौकोनातला पदार्थ दुपारचा की रात्रीचा, हे मग मेसवाला ठरवतो.

पुढच्या खेपेला तक्ता मी केला. वार खाली, जेवणं आडवी. आणि रात्रीचा स्तंभ वरून खाली वाचला: बटाटा रस्सा, फ्लॉवर-बटाटा, मसालेभात, वांगं-बटाटा, बटाटा-मटार. ओळींत वाचताना हा बटाटा कुणाला दिसला नव्हता, कारण सोमवारच्या आणि मंगळवारच्या बटाट्यामध्ये पोहे, उसळ आणि चहा येऊन जातात. मेन्यू टाईप करणारा मित्र शेवटपर्यंत म्हणत होता, “रोज वेगळी भाजी आहे की!” तक्ता त्याच्यासमोर ठेवल्यावर त्याने विषय बदलला आणि म्हणाला, वार डोक्यावर हवेत, कॅलेंडरसारखे.

तर मित्रा, वाचत असशील तर हिशेब घे. उभ्या ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. दोन्हीकडे २० सोडले की उरतात १७०. वार डोक्यावर घेतले तर जेवणाच्या नावासकट आठ स्तंभ होतात, प्रत्येकाला जेमतेम २१ मिलिमीटर. ‘साबुदाणा खिचडी’ दोन ओळींत मोडते आणि ‘चपाती, मटकीची उसळ, कोशिंबीर’ची शिडी होते. जेवणं डोक्यावर घेतली की पाच स्तंभ, प्रत्येकाला ३४. शिवाय स्वयंपाकघरात उद्याची रांग आजच्या लगेच खाली दिसते. मटकी आदल्या दिवशी भिजत घालायची असते, हे तुझ्या कॅलेंडरला कुठं माहीत होतं!

आडवा कागद घेतला तर वार डोक्यावर मावतात, हे मान्य.

बाकी किरकोळ. रोजचे पदार्थ प्रत्येक चौकोनात भरू नका, तक्त्याच्या लगेच खाली एकदाच लिहा, पण ‘दुपारी व रात्री, भाजीच्या जोडीला’ असं स्पष्ट लिहा. ‘पनीर / अंडा करी’मधल्या तिरक्या रेघेच्या जागी ‘किंवा’ टाका, नाहीतर एक मुलगा दोन्ही मागतो आणि मेसवाला एकही देत नाही. एक आड एक आठवडा वेगळा मेन्यू असेल तर दोन तक्ते करा.

व्हॉट्सअॅपवर वार ठळक केले असतील तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना * येतात. शीट्समध्ये ते सरळ शोधून काढता येतात. एक्सेलमध्ये मात्र शोधायच्या जागी नुसता * टाकून सगळे बदलायला सांगितलंत तर आख्खा मेन्यूच पुसला जाईल, कारण तिथे * म्हणजे ‘काहीही’. तिथे ~* लिहायचं. आणि तुमच्या जुन्या एक्सेलमध्ये WRAPROWS नसेल तर मोकळ्या ओळी हाताने काढा, C1 मध्ये खालचं सूत्र टाका आणि ते G7 पर्यंत ओढा:

```
=INDEX($A$1:$A$35,(ROW()-1)*5+COLUMN()-2)
```