दसऱ्याची डिलिव्हरी आणि ‘कागदपत्रं तयार’चं आश्वासन

प्रश्न : शोरूमच्या पत्रकावर ‘दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारात, कागदपत्रं तयार!’ असं वाचून साडेआठ लाखांच्या कारसाठी 21 हजार भरून बुकिंग केलं. कर्ज मंजूर आहे. आता सेल्समन म्हणतो, दसऱ्याला गाडी न्या, नंबर आठ-दहा दिवसांत येईल, डिलिव्हरी नोटवर सही करा. पत्रकाच्या तळाशी इंग्रजीत बारीक अटी आहेत. आम्हाला त्याच दिवशी गाडी घेऊन तुळजापूरला जायचंय. काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर काढू नका. सेल्समन सवलत दिल्यासारखं बोलतोय, पण त्याला तसं करण्याची मुभाच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली. गाडीची नोंदणी डीलरच्याच राज्यात होणार असेल, तर अर्ज डीलरनेच करायचा आणि नंबर गाडीवर लागेपर्यंत ती मालकाच्या ताब्यात द्यायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ‘तोवर लाल प्लेट लावून देतो’ असं कुणी म्हणालं तर तेही नाकारा. ती प्लेट डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटची असते, विकलेली गाडी ग्राहकाने फिरवण्यासाठी नसते.

विना नोंदणी गाडी चालवली तर कलम 192 खाली पहिल्या वेळी 2 ते 5 हजार रुपये दंड आहे. मला त्याहून जास्त काळजी विम्याची वाटते. तुळजापूरच्या रस्त्यावर एखाद्या ट्रकने मागून धडक दिली, तर विमा कंपनी पहिल्यांदा नोंदणी विचारेल. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावर अपघात झालेल्या गाडीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली नरिंदर सिंग प्रकरणात नामंजूर ठरवला. 2021 मध्ये अशाच स्थितीतल्या गाडीच्या चोरीचा दावाही टिकला नाही. तुमच्याकडे तर तात्पुरती नोंदणीसुद्धा नसेल. पॉलिसीचा कागद हातात असूनही साडेआठ लाखांची गाडी आणि वर हप्ते, दोन्ही तुमच्या गळ्यात पडतील.

मुहूर्त साधायचा तर आत्ताच हालचाल करा. दसऱ्याला सुट्टी असल्याने आरटीओ कार्यालय बंद असतं, म्हणून नंबर आधीच मिळालेला असायला हवा. कर्जाच्या गाडीत गाडं बहुधा बँकेत अडतं. बँकेचे पैसे आल्याशिवाय डीलर बिल करत नाही, बिलाशिवाय विमा नाही आणि विम्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. तेव्हा उद्याच बँकेत जाऊन रक्कम वर्ग करायला सांगा. मग डीलरकडे बिल, विमा आणि रस्ता कराची पावती मागा. बिलावरचा चासी नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबरशी ताडून पाहा. सणाच्या गर्दीत एकाची गाडी दुसऱ्याच्या नावे चढली, तर निस्तरताना नाकी नऊ येतात. MH-13 चा नंबर मिळाला की mParivahan ॲपवर तो टाकून नोंद दिसते का बघा.

सोबत आजच शोरूमला ईमेल करा : ‘आपल्या पत्रकात दसऱ्याला तयार कागदपत्रांसह गाडी देण्याचं आश्वासन आहे. त्यावर विसंबून मी 21 हजार रुपये भरले. नोंदणी होऊन नंबर प्लेट लागलेली गाडी त्या दिवशी मिळेल का, हे दोन दिवसांत लेखी कळवावे.’ या एका ईमेलने तोंडी आश्वासनांचा विषय मिटतो.

इंग्रजीतल्या बारीक अटींनी घाबरू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा आणि त्याने मूळ दावा खोडून काढता कामा नये, असं ती सांगतात. वर मराठीत ठळक ‘कागदपत्रं तयार’ आणि खाली इंग्रजीत ‘नोंदणी उपलब्धतेनुसार’, ही पळवाट त्यात बसत नाही.

तरीही प्लेट आली नाही, तर दसऱ्याला शोरूमच्या आवारातच पूजा करा. झेंडूचा हार घाला, नारळ फोडा, किल्लीला हळद-कुंकू लावा. नोंदणी गाडी रस्त्यावर आणायला लागते, पूजेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच समजावून सांगा, म्हणजे ऐनवेळी त्यांचा आग्रह तुमच्यावर येणार नाही. तुळजापूरला बसने जा. डिलिव्हरी नोटमध्ये बहुधा ‘सर्व कागदपत्रांसह गाडी मिळाली’ असं छापलेलं असतं. गाडी आवारातच असताना त्यावर सही करू नका.

उशीर लांबला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंतर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत 2 वर्षांची आहे आणि 5 ते 10 लाखांच्या व्यवहाराला 200 रुपये शुल्क आहे. मुहूर्त चुकल्याबद्दल मोठी भरपाई मिळेल अशी आशा धरू नका, पण गाडी ताब्यात नसताना भरलेले हप्ते आणि व्याज पावत्यांसह मागता येतं. त्यासाठी ते पत्रक दोन्ही बाजूंनी नीट जपून ठेवा.