कुलूप सोडा, पत्ता उलटा वाचा

प्रश्न : ऑनलाइन खरेदीत पैसे भरायचं पान खरं आहे हे कार्डचा नंबर टाकायच्या आधी कसं ओळखायचं? कुलपाची खूण दिसली म्हणजे झालं ना?

उत्तर :

नाही झालं. तुम्ही टाइप केलेलं वाटेत कुणाला वाचता येणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे दुकानदार बसलाय की चोर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, चोरालाही. म्हणून तर क्रोमने २०२३ साली पत्त्याच्या पट्टीतून कुलूप काढून टाकलं. तरी आपल्याकडे 'कुलूप बघ आणि बिनधास्त भर' असं सांगणारे शहाणे घरोघरी आहेत. त्यांचं ऐकू नका.

बघायचा तो पत्ता, आणि तोही उलटा. समजा, सांगलीत विश्रामबागेतल्या कुणी मोबाइलवर जाहिरात बघून १,२९९ रुपयांचा कुकर मागवला. पैसे भरायचं बटण दाबल्यावर वर हा पत्ता आला :

```
https://api.razorpay.com.order-pay71.shop/v1/checkout
```

डोळा `razorpay` या पैसे भरून घेणाऱ्या कंपनीच्या ओळखीच्या नावावर थांबतो आणि फसतो. `https://` नंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिथे बोट ठेवा आणि डावीकडे वाचत जा. आधी `shop`, मग टिंब, मग `order-pay71`. या पानाचा मालक एवढाच. त्याच्या डावीकडे आणि रेघेच्या उजवीकडे मालक वाटेल ते नाव लिहू शकतो. खऱ्या पत्त्यात रेघेच्या लगेच आधी `razorpay.com` यायला हवं. शेवट `.co.in` किंवा बँकांच्या `.bank.in` असा असेल, तर दोनाऐवजी तीन तुकडे धरा. आडवी रेघ म्हणजे टिंब नव्हे : `razorpay-pay.com` हे `razorpay.com` पेक्षा सर्वस्वी वेगळं नाव झालं. मोबाइलवर पट्टीत पत्ता कापलेला दिसतो, तेव्हा त्यावर टिचकी मारून पूर्ण उघडा.

हा नियम दोन ठिकाणी अपुरा पडतो. पुष्कळ दुकानांत पैसे भरायची चौकट त्यांच्याच पानावर उघडते आणि वरचा पत्ता बदलतच नाही. तसं असेल तर चौकटीवरची बोधचिन्हं विसरा, ती कुणीही चिकटवतो. दुकानाचाच पत्ता वाचा. चौकटीत वेगळी पत्त्याची पट्टी दिसत असेल, तर ती नुसतं चित्रही असू शकते. संगणकावर ती खिडकी माउसने ओढून ब्राउझरच्या बाहेर नेऊन बघा. खरी खिडकी बाहेर येते, चितारलेली कडेला अडते. दुसरं ठिकाण म्हणजे ओटीपीचं पान. तिथे बँकेच्या नावाऐवजी `arcot` किंवा `wibmo` असलं काहीतरी दिसतं आणि लोक दचकतात. बँका हे काम बाहेरच्या कंपन्यांना देतात, त्यामुळे तेवढ्यावरून पान खोटं ठरत नाही.

म्हणून तिथे पानापेक्षा मेसेजवर भरवसा ठेवा. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आणि पैसे कुणाला जाणार ते लिहिलेलं असतं. कुकर १,२९९ चा आणि मेसेजमध्ये २४,९९९, याचा अर्थ खोट्या पानाने तुमचं कार्ड त्याच क्षणी दुसऱ्या खऱ्या दुकानात वापरलंय आणि आता त्याला फक्त ते सहा आकडे हवेत. मेसेज न वाचता नुसते आकडे उचलून टाकायची सवय इथेच नडते. फोन आपणहून आकडे भरत असेल, तरी आधी मेसेज उघडून रक्कम वाचा. नाव मात्र थोडं वेगळं असू शकतं, कारण दुकानाऐवजी त्यामागच्या कंपनीचं नाव येतं. रकमेला ही सवलत नाही.

'आधी चुकीचा नंबर टाकून बघा, खरं पान तो नाकारतं' हा सल्लाही निकामी आहे. कार्डाच्या नंबरातला शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरतो, त्यामुळे चुकीचा नंबर कुठलंही पान, चोराचंसुद्धा, बँकेला न विचारता नाकारू शकतं.

नंबर टाकून झाल्यावर शंका आली, तर ओटीपी देऊ नका, पान बंद करा, बँकेच्या ॲपमधून कार्ड तिथल्या तिथे ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील, तर बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० वर फोन करा.

एक सांगायचं राहिलं. परदेशी दुकानं ओटीपी न मागताही कार्डावर रक्कम लावू शकतात, म्हणजे मेसेजची ही शेवटची चाळण तिथे नसते. लागत नसेल तर ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार बंद करून ठेवा. आणि पत्ता बरोबर निघाला तरी कुकर घरी येईलच असं नाही. पैसे भरायचं पान खरं आणि दुकान भामटं, असंही असतं.