बॅटरीवरचे सेन्सर आणि वाय-फाय ६: टीडब्ल्यूटी चालू असूनही बॅटरी का उतरते?

प्रश्न: "एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटवर १८० सेन्सर आहेत. प्रत्येक जण मिनिटाला एकदा छोटंसं रीडिंग पाठवतो. वाय-फाय ६ आहे, टीडब्ल्यूटी चालू केलं, तरी बॅटरी अपेक्षेपेक्षा खूप लवकर उतरते. ओएफडीएमएचा याच्याशी काही संबंध आहे का?"

आहे, आणि बहुधा तिथेच पाणी मुरतंय. टीडब्ल्यूटी, म्हणजे टार्गेट वेक टाइम, झोपलेल्या सेन्सरची फक्त उठायची वेळ ठरवतं. उठल्यावर बोलायची पाळी कोण देणार, हे ओएफडीएमएचं, म्हणजे चॅनलचे तुकडे पाडून ते एकाच वेळी अनेकांना वाटण्याचं, शेड्युलिंग ठरवतं. पहिलं चालू आणि दुसरं बंद असेल, तर सेन्सर वेळेवर उठतात आणि मग चॅनल मोकळं व्हायची वाट बघत रिसीव्हर चालू ठेवून बसतात. बॅटरी खरी जाते ती या वाट बघण्यात.

नीट चाललं तर काय होतं ते तुमच्याच आकड्यांवर बघू. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलचे २६ टोनांचे ९ तुकडे पडतात, म्हणजे ९ सेन्सर एकाच वेळी बोलू शकतात. १८० सेन्सरांचे २० गट करा आणि दर ३ सेकंदांनी एक गट उठवा, मिनिट बरोबर भरतं. गट उठला की अ‍ॅक्सेस पॉइंट ट्रिगर फ्रेम पाठवतो. कोणी कुठल्या तुकड्यावर, किती वेळ आणि किती ताकदीने बोलायचं, हे सगळं त्यात असतं. १६ मायक्रोसेकंदांनी नऊही जण एकदम सुरू करतात. सगळ्यात मजबूत, म्हणजे सगळ्यात कमी वेगाच्या मॉड्युलेशनवर एका तुकड्याचा वेग जेमतेम ०.९ एमबीपीएस असतो, म्हणून हेडरसकट १५० बाइटांना साधारण दीड मिलिसेकंद लागतात. मग नऊही जणांना मिळून एकच पोच जाते आणि सगळे परत झोपतात. एखाद्याला सेटिंग पाठवायची असेल तर तीही याच खिडकीत, अशीच तुकडे पाडून डाउनलिंकने जाते.

इथे वेग वाढत नाही, हे लक्षात घ्या. एकट्याने पूर्ण चॅनल घेतलं असतं तर तेच रीडिंग कितीतरी लवकर गेलं असतं. फायदा असा की कोणी कोणाशी धडकत नाही आणि रेडिओ किती वेळ जागा राहील हे आधीच ठरलेलं असतं.

आमच्याकडे नेमकं उलटं घडलं होतं. फर्मवेअर टीडब्ल्यूटी मागताना 'डिमांड' वापरत होतं, म्हणजे वेळही सेन्सरच सांगायचा. अ‍ॅक्सेस पॉइंट रीस्टार्ट झाला, सगळे थोड्या सेकंदांत परत जोडले गेले आणि प्रत्येकाने 'आत्तापासून ६० सेकंदांनी' अशी वेळ मागितली. अ‍ॅक्सेस पॉइंटने ती मुकाट मान्य केली. तेव्हापासून दर मिनिटाला सगळी झुंबड त्याच काही सेकंदांत उडायची आणि उरलेला वेळ चॅनल रिकामं. आम्ही 'रिक्वेस्ट'वर गेलो, वेळ निवडायचं काम अ‍ॅक्सेस पॉइंटवर सोडलं, तेव्हा कुठे गट पांगले. मागणी ट्रिगर-एनेबल्ड हवी, म्हणजे सेन्सर उठल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंटने ट्रिगर पाठवायचा, हेही तेव्हाच तपासलं.

तुमच्याकडे काय होतंय ते बघायला मॉनिटर मोडमध्ये कॅप्चर घ्या आणि वायरशार्कमध्ये हा फिल्टर लावा:

```
wlan.fc.type_subtype == 0x12
```

ट्रिगर फ्रेम बहुतेक वेळा जुन्या साध्या फॉरमॅटमध्येच जाते, त्यामुळे ती सहज दिसते. सेन्सरांची उत्तरं कदाचित दिसणार नाहीत, त्याने घाबरू नका. ट्रिगर आणि मागोमाग आलेली पोच दिसली तरी पुरे. पण ठरलेल्या वेळी ट्रिगरच नसेल आणि सेन्सर आपापले साधे डेटा फ्रेम पाठवताना दिसत असतील, तर अपलिंक ओएफडीएमए बंद आहे किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट टीडब्ल्यूटीची वेळ आणि ट्रिगर यांचा मेळ घालत नाही. आधी त्याची सेटिंग बघा, मग फर्मवेअर अपडेट.

बॅटरी वाचवायला झोप १० मिनिटांवर न्यायचा मोह होतो. तिथे घड्याळ आडवं येतं. २० पीपीएमच्या क्रिस्टलची चूक ६० सेकंदांत १.२ मिलिसेकंद होते, ती खपते. १० मिनिटांत ती १२ मिलिसेकंद होते. जागं राहायची खिडकी ८ मिलिसेकंदांची असेल तर सेन्सर ती अख्खी चुकवू शकतो. मग तो आधी बीकन, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटची ठरावीक अंतराने येणारी हाक, ऐकून वेळ जुळवतो, आणि बीकन साधारण १०२ मिलिसेकंदांनी एकदा येतो. दीड मिलिसेकंदाच्या कामासाठी शंभर मिलिसेकंद जागरण! लांब झोपेत आणखी एक गोष्ट सांभाळा: अ‍ॅक्सेस पॉइंटची आयडल टाइमआउटची मर्यादा झोपेपेक्षा मोठी हवी. नाहीतर तो सेन्सरला गेलाच असं समजून काढून टाकतो, आणि परत जोडणीच्या एका फेरीत कितीतरी रीडिंगांची बॅटरी जाते.