रजा संपली, पाय बरा झाला नाही

“घोट्याचं ऑपरेशन झालंय. आजारपणाची रजा या शुक्रवारी संपते आणि डॉक्टर अजून चार आठवडे विश्रांती सांगतायत. बिनपगारी रजा मागू की पुढची रजा आगाऊ घेऊ? खरं तर मागायचीच भीती वाटते. साहेबांना वाटेल, मी मुद्दाम लांबवतेय.”

हे विचारणाऱ्या ताई फोनवर बोलत होत्या, कारण पाय टेकवता येत नव्हता. साहेबांना पाठवायची मेल त्यांनी लिहून ठेवली होती, ती मी वाचून दाखवायला सांगितली. मेल भलीमोठी होती. त्यात घसरून कसं पडले ते होतं, प्लेट-स्क्रूंचं वर्णन होतं, तीन ठिकाणी माफी होती आणि शेवटी “जमल्यास काही दिवस रजा वाढवून मिळावी” असं. कोणत्या तारखेपर्यंत रजा हवी, हे मात्र कुठेच नव्हतं.

आपण लांबवतोय असं समोरच्याला वाटू नये म्हणून माणूस आजार जास्तीत जास्त तपशिलात सांगत जातो आणि तारखा धूसर ठेवतो. साहेबांची अडचण उलटी असते. त्यांना एक्स-रे नको असतो, माणूस कधी येणार आणि तोवर काम कोण बघणार हे हवं असतं. “काही दिवस” वाचलं की तेच दर आठवड्याला फोन करून विचारतात, आणि इकडे वाटतं की बघा, संशय घेतायत.

म्हणून आम्ही आधी हिशेब मांडला. चार आठवडे म्हणजे कामाचे २० दिवस. अर्जित रजा ५ शिल्लक होती. बहुतेक ठिकाणी पगारी रजा शिल्लक असेल तोवर बिनपगारी देत नाहीत, त्यामुळे पहिला आठवडा तिच्यावरच जाणार होता. उरले १५ दिवस. त्यांच्या कंपनीत महिन्याला दीड दिवस रजा जमा होते आणि वर्षअखेरीपर्यंत जमा होणार तेवढीच आगाऊ मिळते. सहा महिने उरले होते, म्हणजे ९ दिवस. ताईंचं मन तयार होतं: नऊच्या नऊ आगाऊ घ्यायचे आणि सहाच दिवसांचा पगार जाऊ द्यायचा.

मी विचारलं, कामावर परत गेल्यावर फिजिओथेरपी आहे का? होती, आठवड्यातून एकदा, दोन महिने. प्रत्येक वेळी अर्धा दिवस धरला तरी ४ दिवस, शिवाय तपासणीचा एक. आगाऊ रजा ही उधारी असते. परतल्यावर दर महिन्याला जमा होणारा दीड दिवस आधी ती उधारी फेडतो, हातात काही येत नाही. नऊही दिवस उचलले तर वर्षअखेरीपर्यंत खातं उणेच राहणार, आणि फिजिओथेरपीचा प्रत्येक अर्धा दिवस पगारातून कापला जाणार किंवा फिजिओथेरपीच चुकवली जाणार. दुसरं मी स्वतः बरेचदा पाहते, आणि तो पाय मग वर्षभर कुरकुरतो. शिवाय मध्येच नोकरी सोडली तर न फिटलेल्या दिवसांचे पैसे शेवटच्या हिशेबात वळते होतात, हेही त्यांना माहीत नव्हतं.

ठरलं असं की ४ दिवस आगाऊ घ्यायचे आणि उरलेली ५ दिवसांची मर्यादा परतल्यानंतरसाठी राखायची. मग बिनपगारी ११ दिवस होत होते, ते त्यांना जड वाटले. घरभाडं होतं, कर्जाचा हप्ता होता. तेव्हा प्रश्न डॉक्टरांकडे नेला: चौथ्या आठवड्यात पाय उंच ठेवून, घरून, बसून काम केलं तर चालेल का? डॉक्टर हो म्हणाले. पण तसं प्रमाणपत्रात लिहून घ्यावं लागलं, कारण पहिल्या कागदावर फक्त “विश्रांती आवश्यक” होतं. बिनपगारी दिवस ११ वरून ६ वर आले.

त्या कागदाकडे नीट बघायला हवं. तारखा ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन्ही हव्यात, आणि नवं प्रमाणपत्र जुनं संपतं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायला हवं, तो दिवस शनिवार असला तरी. ताईंचं जुनं शुक्रवारी संपत होतं आणि नवं सोमवारपासून लिहिलेलं होतं. असा खंड पडला की ही आधीच्याच रजेची वाढ आहे की नवी रजा, यावरून एचआरमध्ये घोळ होतो. दवाखान्यात फोन करून तारीख बदलून घेतली.

मग मेल नव्याने लिहिली. साहेबांना, प्रत एचआरला, आणि रजा संपायच्या आधी, बुधवारीच:

“माझी आजारपणाची रजा या शुक्रवारी संपत आहे. डॉक्टरांनी आणखी चार आठवडे विश्रांती सांगितली असून चौथ्या आठवड्यात घरून बसून काम करण्यास परवानगी दिली आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. त्यानुसार ५ दिवस अर्जित, ४ दिवस आगाऊ आणि ६ दिवस बिनपगारी रजा, व त्यानंतर ५ दिवस घरून काम मंजूर करावे, ही विनंती. सुरू असलेल्या कामांची यादी सहकाऱ्यांना दिली आहे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तपासणी आहे. तारखांत बदल झाल्यास त्याच दिवशी कळवीन. मंजुरी कृपया लेखी कळवावी.”

माफी एकदाही नाही. ताईंना ते उद्धट वाटत होतं. मी म्हटलं, एक रात्र जाऊ द्या, सकाळी वाचा आणि तरीही वाटलं तर एक ओळ घाला. त्यांनी घातली नाही.

साहेबांचा “काळजी घ्या, बघू” असा फोन आला आणि ताईंना हायसं वाटलं. पण तोंडी “बघू” म्हणजे मंजुरी नव्हे. हजेरीच्या नोंदीत ते दिवस विनापरवानगी गैरहजेरी म्हणून गेले तर पुढे निस्तरावं लागतं, आणि बिनपगारी रजा व गैरहजेरी यांत पगार दोन्हीकडे सारखाच गेला तरी सेवेच्या नोंदीत फार फरक पडतो. त्यांनी त्याच फोनचा हवाला देऊन दोन ओळींची मेल टाकली आणि दुसऱ्या दिवशी एचआरचं होकाराचं उत्तर आलं. बिनपगारी काळात रजा जमा होते का आणि गटविम्याचा हप्ता कोण भरतो, तेही त्याच उत्तराखाली विचारून घेतलं. साहेब नाही म्हणाले असते तर? तर नकार आणि त्याचं कारण लेखी मागून, तोच अर्ज थेट एचआरकडे नेण्याची आमची तयारी होती. नुसतं घरी बसून राहणं हा पर्याय आम्ही आधीच काढून टाकला होता.

कपातीचा हिशेबही आधीच करून ठेवला होता. सहा बिनपगारी दिवसांच्या मधे एक शनिवार-रविवार येत होता. काही ठिकाणी मधल्या सुट्ट्याही बिनपगारी धरतात, मग दिवस ८ होतात. पण तेव्हा पगाराला ३० ने भागायला हवं. सुट्ट्या धरत नसतील तर दिवस ६ आणि भागायचं त्या महिन्याच्या कामाच्या दिवसांनी, म्हणजे २२ ने. दोन्ही रीतींनी पगाराचा साधारण २७ टक्के भाग जातो. घोळ होतो तो दोन्ही रीती मिसळल्या की: ८ दिवस धरून २२ ने भागलं तर ३६ टक्के जातात.

ताईंच्या पगारपत्रकात नेमके ३६ टक्केच कापलेले निघाले. त्यांनी हे तीन आकडे लिहून पाठवले आणि फरक पुढच्या पगारात जमा झाला.